आठ पानांत गुरुप्रतिपदा

कृष्णाकाठच्या आमच्या गावातील दत्तमंदिर नृसिंहवाडीच्या मानाने इतके लहान आहे की, वाडीला निघालेले यात्रेकरू एस.टी.च्या खिडकीतूनच त्याला हात जोडतात आणि कंडक्टरही तेवढ्यासाठी घंटी मारीत नाही. तथापि देवस्थान लहान म्हणून त्याचे दफ्तरही लहान असेल असा समज कोणी करून घेऊ नये. विश्वस्तमंडळ आहे, कार्यवाह आहेत, खजिनदार आहेत, तीन रंगांची पावतीपुस्तके आहेत, आणि दर पौर्णिमेच्या आसपास निघणारी एक मासिक पत्रिकाही आहे. जिल्हा कचेरीत हयात घालवून निवृत्त झालेल्या प्रस्तुत लेखकाच्या गळ्यात या पत्रिकेचे संपादन पडले ते, ज्याने आयुष्यभर लोकांच्या लांबलचक अर्जांवर दोन ओळींचे शेरे मारले त्याला मजकूर कमी करण्याचे काम अवघड जाऊ नये, या कार्यवाहांच्या युक्तिवादामुळे. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. अर्जदाराला आमटी कोणी केली हे शेऱ्यात वाचायचे नसते, एवढीच एक बाब त्यात विचारात घेतलेली नव्हती.

पत्रिकेची पाने आठ. ए-३ आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की ए-४ आकाराची चार पाने होतात, असे दोन कागद एकात एक घालून मध्ये पिना मारल्या की आठ. आणि याच कारणामुळे आमच्या जगात नववे पान नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. मजकूर आठ पानांच्या पुढे सहा ओळींनी जरी सरकला, तरी तिसरा कागद घ्यावा लागतो व अंक एकदम बारा पानांचा होतो. मग कागद दीडपट, छपाई दीडपट, टपालाचे वजन दीडपट, आणि खजिनदारांचा चेहरा, ज्याचे गणित निराळे आहे, तो दुपटीहून अधिक लांब. एका पानावर साधारण ४०० शब्द बसतात. पहिल्या पानाचा माथा, पुढील महिन्याची तिथी-तारखांची यादी आणि देणगीदारांची नामावली यांनी मिळून दोन पाने बळकावली की उरलेल्या सहा पानांत २,४०० शब्दांची सोय होते. येणारा मजकूर मात्र पाच हजारांच्या खाली क्वचितच उतरतो, आणि तो पाठविणाऱ्या प्रत्येकाने पाकिटावर 'संक्षिप्त वृत्त' असे लिहिलेले असते.

या अडचणीवर पहिला उपाय सुचतो तो अक्षर बारीक करण्याचा. छापखान्यातील जुळणी करणारा मुलगा तो दर महिन्यास उत्साहाने सुचवितो, कारण त्याचे वय बावीस असून त्याला यंत्राच्या पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करून पाहता येते. आमचा वाचकवर्ग सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असल्यामुळे चौदा पॉइंटांच्या खाली उतरणे म्हणजे अंक न काढण्यासारखेच आहे. मग तो दुसरा उपाय सांगतो: अक्षर तेवढेच ठेवू, दोन ओळींमधील अंतर कमी करू. इंग्रजी मजकुरात हे काही अंशी खपून जाते. परंतु आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर पायाशी उकार व ऋकार, अशी दोन्हीकडे वस्ती असल्यामुळे ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतील 'गुरू'चा दीर्घ ऊकार खालच्या ओळीतील 'कीर्तना'च्या रफारात जाऊन अडकतो आणि चष्मा लावूनही दोघांना सोडविता येत नाही. तात्पर्य, कागद, अक्षर आणि अंतर या तिन्ही बाबी अचल असल्यामुळे कात्री लावण्यास शिल्लक राहतात ते शब्दच. आणि शब्दांच्या मागे त्यांचे लेखक उभे असतात.

येथे वाचकांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण पत्रिकेची सारी गोम त्यांच्यापाशी आहे. मराठीत धार्मिक नियतकालिकांची परंपरा काही आजची नव्हे. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरास निघाले, शिर्डीचे 'श्रीसाईलीला' १९२३ साली सुरू झाले. परंतु त्यांचा वाचक संपादकाला अपरिचित असला तरी चालत असे. आमच्या पत्रिकेला तो अपरिचित असून चालत नाही, कारण तो बहुधा अंकातच कोठेतरी असतो. वाचकांचा एक वर्ग उत्सवाला हजर होता आणि आपले नाव शोधण्यासाठी अंक उघडतो. दुसरा वर्ग हजर नव्हता: पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेले, लग्न होऊन दूरच्या गावी गेलेल्या लेकी, आणि गावातच असून अंथरुणाला खिळलेली वडीलधारी मंडळी. हा वर्ग शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पालखी निघाली हे त्याला ठाऊकच असते, ती दरवर्षीच निघते. यंदा निघताना काय झाले, हे त्याला हवे असते. या दोघांपैकी एकालाही प्रास्ताविक नको असते, आणि आलेल्या मजकुराचा पहिला तृतीयांश नेमका प्रास्ताविकाचाच असतो.

उदाहरणादाखल गुरुप्रतिपदेच्या उत्सवाचे वृत्त घेऊ. ते लिहिण्याचा मान आमच्या हायस्कुलाच्या माजी मुख्याध्यापकांकडे वंशपरंपरागत नसला तरी वहिवाटीने चालत आलेला आहे. माघ वद्य प्रतिपदा ही श्रीनृसिंहसरस्वतींच्या गाणगापुराहून निजगमनाची तिथी. ही गोष्ट आमच्या पत्रिकेच्या वाचकाला माहीत नसण्याची शक्यता शून्य, कारण त्याने 'गुरुचरित्रा'ची पारायणे केलेली असतात. तरीसुद्धा गुरुजींचे वृत्त दरवर्षी पीठापुरास श्रीपादश्रीवल्लभांच्या अवतारापासून निघते, कारंज्यास मुक्काम करते, औदुंबरास चातुर्मास काढते, वाडीला बारा वर्षे राहते, गाणगापुरास पोहोचते, आणि सुमारे तीनशे शब्दांची यात्रा पुरी करून, पाय धुऊन, आमच्या मंडपाच्या दारात उभे राहते. पुढे उत्सवाचे वर्णन येते, ते असे:

'सालाबादप्रमाणे याही वर्षी श्रीसद्गुरूंच्या असीम कृपेने व समस्त भाविकांच्या उदंड प्रतिसादाने हा परमपावन उत्सव अत्यंत मंगलमय, भक्तिमय व चैतन्यमय वातावरणात मोठ्या उत्साहात संपन्न झाला. पहाटे काकड आरती करण्यात आली. तदनंतर श्रींच्या पादुकांवर अभिषेक करण्यात आला. तदनंतर उपस्थितांना तीर्थप्रसादाचे वाटप करण्यात आले. दुपारी महाप्रसादाचे आयोजन करण्यात आले होते, त्याचा असंख्य भाविकांनी लाभ घेतला. सायंकाळी पालखी सोहळा संपन्न झाला. तत्प्रसंगी विद्युत्पुरवठा खंडित झाल्याने काही काळ गैरसोय झाली. परंतु सर्वांच्या सहकार्याने कार्यक्रम सुरळीत पार पडला.'

यानंतर आभार. मांडव घालणारे, फुले देणारे, रांगोळी काढणारे, भांडी घासणारे अशा एकोणीस जणांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे 'यांनी मोलाचे सहकार्य केले' हे वाक्य स्वतंत्रपणे. एकूण शब्द सहाशेंच्या वर. जागा होती दोनशेंची.

कात्री प्रथम कार्यवाहांच्या चिरंजीवांनी चालविली. ते वाणिज्य शाखेचे पदवीधर असून कमीत कमी शब्दांत अधिकाधिक माहिती देण्याचे शिक्षण त्यांनी घेतलेले आहे. त्यांचा मसुदा असा: 'दत्तमंदिरात गुरुप्रतिपदा साजरी. अभिषेक, महाप्रसाद व पालखी हे कार्यक्रम झाले. उपस्थिती सुमारे ३००. वीजपुरवठ्याची अडचण आली. १९ स्वयंसेवकांचे सहकार्य.' लांबीच्या दृष्टीने या मसुद्यात काही दोष काढता येत नव्हता. दोनशे शब्दांची जागा असता त्यांनी एकोणीस वापरून बाकीची राखून ठेवली होती. खजिनदार तर इतके संतुष्ट झाले की पत्रिका चारच पानांची करावी अशी दरखास्त मांडण्याच्या विचारात ते दिसले. पण मसुदा वाचताना पादुकांवर अभिषेक झाला की तहसील कचेरीत पंचनामा झाला, याचा उलगडा होईना, आणि ज्या एकोणीस माणसांनी दोन दिवस रक्त आटविले होते ती सारी एका आकड्यात जमा झाली होती.

मौज अशी की, गुरुजींचा सहाशे शब्दी मसुदा आणि चिरंजीवांचा एकोणीस शब्दी मसुदा हे परस्परांचे विरोधक नसून सख्खे भाऊ निघाले. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. वृत्तातील गावाचे नाव व तारीख झाकून तेच वृत्त दुसऱ्या एखाद्या देवळाच्या पत्रिकेत जसेच्या तसे छापता येते काय, हे पाहावे. गुरुजींचे 'मंगलमय, भक्तिमय व चैतन्यमय वातावरण' महाराष्ट्रातील कोणत्याही मंडपात बिनदिक्कत उभे राहिले असते. चिरंजीवांचे 'उपस्थिती सुमारे ३००' हेही. एकाने विशेषणे घालून वृत्त कोणाचेही केले, दुसऱ्याने विशेषणे काढून. ज्याला आपण पत्रिकेतला ओलावा म्हणतो तो विशेषणांत असतो असा सार्वत्रिक समज आहे, आणि त्यामुळेच मजकूर आखडला की ओलावा आटतो अशी भीती विश्वस्तमंडळाच्या दर सभेत कोणीतरी बोलून दाखवितो. माझा अनुभव उलट आहे. विशेषणे ही सर्वांत आधी काढावयाची, आणि ती काढल्यावर खाली काही उरते काय ते पाहावयाचे. उरत नसेल तर लेखकाच्या घरी जाऊन विचारावयाचे.

विचारावयाचे ते कोणत्या जागी, याचीही एक खूण आहे. जेथे लेखकाची भाषा अकस्मात सरकारी होते, तेथे काहीतरी घडलेले असते. 'काही काळ गैरसोय झाली' हे वाक्य कचेरीतल्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. आमच्या खात्यात या वाक्याच्या आड पूर आणि दंगली गेलेल्या आहेत. गुरुजींकडे चहा घेता घेता 'दिवे गेले तेव्हा नक्की झाले काय?' एवढाच प्रश्न केला, आणि सहाशे शब्दांत जे आले नव्हते ते बशी खाली ठेवण्यापूर्वी बाहेर आले. पालखीची तिसरी प्रदक्षिणा चालू असता औदुंबराच्या पाराजवळ दिवे गेले. अंधारात भोई थबकले, टाळकरी थांबले, बायकांनी आरतीची ताटे पुढे केली. परंतु पखवाजावरचे आजोबा, ज्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली, ते आपले वाजवीतच राहिले, आणि थोड्या वेळाने मोठ्यांदा ओरडले, 'अरे, झोपलात की काय सगळे?' तेव्हा कुठे मंडळी हसली, भजन पुन्हा लागले, आणि उरलेली प्रदक्षिणा निरांजनांच्या उजेडात पखवाजाच्या मागोमाग पुरी झाली.

'हे का नाही लिहिलंत गुरुजी?' असे विचारता त्यांनी जे उत्तर दिले ते प्रत्येक पत्रिकेच्या कार्यालयात टांगून ठेवण्याजोगे आहे. ते म्हणाले, 'अहो, हे काय छापण्यासारखं आहे?' छापण्यासारखे ते गंभीर, आणि घडले ते खासगी, ही विभागणी आमच्या शिक्षणात इतकी खोल गेलेली आहे की उत्तम गोष्ट सांगणारा माणूससुद्धा हातात लेखणी आली की इतिवृत्त लिहू लागतो.

अखेर छापले गेले ते असे:

'गुरुप्रतिपदेला पहाटेच्या काकड आरतीपासून दुपारच्या महाप्रसादापर्यंत सर्व रिवाजाप्रमाणे झाले. पंगती यंदा वाढल्या. घाटावरच्या आक्कांना आमटीचे दुसरे पातेले चढवावे लागले, व ते पहिल्यापेक्षा बरे झाल्याचे नंतर जेवलेल्यांचे म्हणणे आहे. सायंकाळी पालखीच्या तिसऱ्या प्रदक्षिणेत दिवे गेले. टाळ थांबले, पखवाज थांबला नाही. "अरे, झोपलात की काय सगळे?" असे आजोबांनी विचारल्यावर भजन पुन्हा सुरू झाले आणि राहिलेली प्रदक्षिणा निरांजनांच्या उजेडात पार पडली. वीज आली ती शेजारतीनंतर.'

एवढे लिहूनही दोनशेंपैकी शंभरांवर शब्द शिल्लक राहिले, आणि ते आभाराकडे वर्ग करता आले. 'यांनी मोलाचे सहकार्य केले' हे चार शब्द एकोणीस वेळा म्हणजे शहात्तर शब्द. ते गाळून आधी काम आणि पुढे नावे अशी मांडणी केली. 'मांडव:' म्हटले की पुढे तीन नावे, 'फुले व रांगोळी:' म्हटले की पाच, 'भांडी:' म्हटले की सहा. सहकार्य मोलाचे होते की नव्हते हे भांड्यांचा ढीग पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. यात एकही नाव गळले नाही, कारण नावांना हात लावावयाचा नाही हा आमच्या पत्रिकेचा एकमेव अलिखित कायदा आहे. 'व इतर' हे दोन शब्द जागा वाचविण्यास अतिशय सोयीचे, आणि तितकेच घातकी होत. त्यांच्यात कोंबलेला प्रत्येक माणूस पुढच्या उत्सवाला मांडवाच्या बाहेर उभा राहतो व विचारल्यास 'आम्ही काय, इतरांत' असे सांगतो.

गुरुजींची संमती मिळविणे हा मात्र स्वतंत्र अध्याय होता. लेखकाला न विचारता कापलेला मजकूर म्हणजे पुढच्या महिन्यापासून बंद झालेला लेखक, आणि लहान गावात लेखक बदली मिळत नाही. म्हणून कच्चे मुद्रित घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावे लागले. प्रास्ताविकाचे तीनशे शब्द त्यांनी उदार अंतःकरणाने सोडले, पण विशेषणांपाशी ते अडले. 'वातावरण' आहे तर ते कसे होते हे नको का सांगायला, हा त्यांचा प्रश्न शिक्षकाला शोभणारा होता. शेवटी परिच्छेदाला एक विशेषण, आणि ते त्यांच्या पसंतीचे, असा तह ठरला. त्यानंतर बाजारात शेवटची मेथीची जुडी घेताना व्हावी तशी घासाघीस झाली. 'चैतन्यमय' देतो, 'मंगलमय' ठेवा. बरे, मग 'परमपावन' जाईल. 'परम' जाऊ द्या, 'पावन' राहू द्या. अर्ध्या तासाने 'पावन' एकटेच शिल्लक राहिले, आणि ते कोठे बसवावे याचा विचार करता करता गुरुजी स्वतःच म्हणाले, 'आजोबांच्या गोष्टीत हे बसत नाही. पुढच्या अंकाला घ्या.' हे 'पावन' अद्याप त्यांच्या नावे जमा आहे.

पदव्यांचे प्रकरण याहून नाजूक. कीर्तनकारबुवांच्या नावामागे ह.भ.प., स्वामींच्या नावामागे प.पू. आणि त्यामागे कधी कधी 'श्री श्री श्री', असा लवाजमा एका लेखात चौदा वेळा निघतो, तेव्हा तीन ओळी नुसत्या चोपदारांनी भरतात. पहिल्या उल्लेखात सर्व मानमरातब द्यावयाचे आणि पुढे 'बुवा' किंवा 'महाराज' एवढेच म्हणावयाचे, ही तोड बुवांना स्वतःला पसंत पडली; त्यांच्या शिष्यांना पडली नाही. स्त्रियांच्या नावांमागील 'सौ.' आणि 'श्रीमती' यांच्या बाबतीत मात्र काटकसर नव्हे, खातरजमा करावी लागते. नामावली गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरविण्याचा मोह होतो. पण मधल्या वर्षात कोणाच्या घरी काय घडले हे जुनी यादी सांगत नाही, आणि त्या एका अक्षराच्या चुकीला पुढच्या अंकातील शुद्धिपत्र पुरत नाही.

देणगीदारांची नामावली ही पत्रिकेतील सर्वाधिक वाचली जाणारी व सर्वांत कमी कापता येणारी बाब. वार्षिक जमाखर्च तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी दाखल करावाच लागतो, तेव्हा त्याचा तपशील पत्रिकेत दर महिन्यास छापण्याचे प्रयोजन नाही, हे खजिनदारांना पटविण्यात यश आले. परंतु अकरा रुपयांची देणगी गाळून केवळ एकशे एकच्या वरच्या छापाव्यात, ही त्यांची सूचना मान्य होणे शक्य नव्हते. अकरा रुपयेवाल्या आजींच्या घरी पत्रिका वर्षभर देवघरात असते. जागा वाचविली ती रचनेत: प्रत्येक नावाला एक ओळ देण्याऐवजी नावे सलग परिच्छेदात, रकमेनुसार गट करून, म्हणजे 'रु. ५१ प्रत्येकी:' असे एकदाच म्हणून पुढे नावे. साठ ओळींची यादी वीस ओळींत बसली. गटात नावे आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावली, त्यामुळे 'आमचे नाव त्यांच्या खाली का' या कैफियती वर्णमालेकडे वळविता आल्या. वस्तुरूपाने आलेले दान, म्हणजे पायलीभर तांदूळ, तुपाचा डबा, समईची वात, याला गट नसतो. ते जसे आले तसेच छापावे. एका अंकात 'घंटेची दोरी' असे दान छापले होते, तेव्हा त्या महिन्यात मंदिरात आलेला प्रत्येक जण घंटा वाजविण्यापूर्वी दोरीकडे पाहत असे.

प्रवचनाच्या सारांशाची तऱ्हा वेगळी. दीड तासाच्या प्रवचनाचा सारांश म्हणून जी तीन पाने येतात त्यांत प्रवचनातले सर्व सिद्धांत असतात, पण दृष्टांत नसतो, कारण सारांश करणाऱ्याला तो बाळबोध वाटतो. आम्ही उलट करतो: दृष्टांत पुरा ठेवतो आणि सिद्धांत दोन वाक्यांत. घरी परतलेल्या श्रोत्याला विचारले तर त्याला तेवढेच आठवत असते. कापता येत नाही ते स्तोत्र आणि आरती. टेंबेस्वामींच्या करुणात्रिपदीतील दोन पदे छापून 'तिसरे पुढील अंकी' अशी टीप घालण्याचा विचार जागेअभावी एकदा सभेत निघाला होता. तो ठराव सूचक-अनुमोदकांसह तत्काळ बारगळला. पद्य छापावे तर पूर्ण, नाहीतर मुळीच छापू नये. ते लोकांना पाठ असते.

श्रद्धांजलीत तर 'देव त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो' हे वाक्य न छापल्यास कुटुंबीय दुखावतात आणि छापल्यास वाचक पुढे सरकतात. ते ठेवावे, शेवटी ठेवावे, आणि त्याच्या आधी 'मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाच्या' याच्या जागी त्या व्यक्तीचे एक काम लिहावे. पाणी चढले की पादुका हलवाव्या लागतात, तेव्हा पहिल्याने धावून येणारे कोण, हे गावाला ठाऊक असते. परगावच्या लेकीला ते छापलेले हवे असते. याला बारा शब्द लागतात. विशेषणांनाही तितकेच लागले असते.

इतके सर्व केल्यावर माघाच्या त्या अंकात अघटित घडले: मजकूर आठ पानांत बसून आठव्या पानाच्या तळाशी नऊ ओळींची जागा मोकळी राहिली. कार्यवाहांना ही जागा दिसताच त्यांनी 'सर्व भाविकांना नम्र विनंती' या मथळ्याखाली एक आवाहन लिहावयास घेतले, ज्याचे पहिलेच वाक्य सहा ओळींचे होते. गुरुजींना 'पावन'ची आठवण झाली. खजिनदार म्हणाले, जागा कोरी ठेवा, शाई वाचते. छापखान्याचा मुलगा कमळाचे चित्र घेऊन तयार होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने आक्का एक पिशवी घेऊन आल्या आणि ही कोणाची ते लोकांना कळवा म्हणाल्या. पिशवीतील माल मोजून, तेथेच बसून मजकूर केला, आणि तो एकही शब्द न कापता छापला गेला:

'उत्सवात राहिलेल्या वस्तू: एक काळी छत्री (दांडा बांधलेला), चष्म्याचे घर (चष्मा नाही), पितळी तांब्या, त्यावर नाव आहे पण घासून गेले आहे, लहान मुलाचे एक कानटोपरे, आणि डाव्या पायाच्या दोन चपला. उजव्या पायाच्या दोन चपला घालून जे गृहस्थ घरी गेले, त्यांनी सवडीने येऊन जावे. आक्का दुपारी चारपर्यंत असतात.'